उत्तर मराठीत चालते, मग प्रश्न इंग्रजीत का?

गेल्या फेब्रुवारीत आमच्या वस्तीतली एक मुलगी निकाल घेऊन माझ्याकडे आली. एम.ए. समाजशास्त्र, पहिले सत्र. तीन पेपर निघाले होते, चौथा राहिला होता. "दादा, मी एकही प्रश्न सोडला नव्हता," एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आम्ही फी भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ती हातात आल्यावर गोष्ट एका मिनिटात कळली.

पंधरा गुणांचा प्रश्न होता : ‘अकाउंट फॉर द पर्सिस्टन्स ऑफ कास्ट इन मॉडर्न इंडिया.’ म्हणजे आधुनिक भारतात जात टिकून का राहिली, त्याची कारणे सांगा. आमच्या मुलीला ‘अकाउंट’ म्हणजे हिशेब किंवा हकीकत एवढे माहीत होते. तिने ‘कास्ट’ हा शब्द पाहिला आणि घुर्ये यांनी सांगितलेली जातीची सहा लक्षणे क्रमाने लिहून काढली. अक्षर सुंदर, मराठी स्वच्छ, मुद्दे बरोबर. फक्त प्रश्न दुसराच होता. पंधरापैकी चार गुण मिळाले.

मला वाईट वाटले ते पुढच्या गोष्टीचे. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध या मुलीने मराठीत तीनदा वाचलेला आहे. जातीतच लग्न लावण्याच्या बंधनावर जात कशी उभी आहे, हे ती आमच्या अभ्यासवर्गात लहान मुलांना समजावून सांगते. प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे होते. प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

आपल्या मुलांना असे वाटते की मराठीतून पेपर लिहायची परवानगी आहे म्हणजे मराठी माध्यम मिळाले. तसे नाही. उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा ही एक गोष्ट आणि प्रश्नपत्रिका मराठीत मिळणे ही दुसरी. या दोन्ही वेगवेगळ्या जागी ठरतात आणि वेगवेगळ्या मागाव्या लागतात. यूपीएससीचे उदाहरण घ्या. मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात, पण सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका येते ती हिंदी आणि इंग्रजीतच. विद्यापीठातही हीच फट आहे, आणि त्या फटीत आपली मुले पडतात.

मी स्वतः एम.ए. केले तेव्हा मला हे कोणी सांगितले नव्हते. आमच्या परीक्षा केंद्रावर एक दयाळू पर्यवेक्षक बाई होत्या. त्या प्रश्न वाचून हळूच अर्थ सांगायच्या. आम्ही त्यालाच सोय समजायचो. ज्या दिवशी त्यांची ड्युटी दुसऱ्या वर्गात लागायची, त्या दिवशी आमचा पेपर अवघड जायचा. हक्काची गोष्ट कोणाच्या दयेवर चालत होती, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

आता काय केले ते सांगतो.

पहिले काम नियम शोधण्याचे. महाविद्यालयातल्या खिडकीवर आम्हाला उत्तर मिळाले, "पीजीला मराठी प्रश्नपत्रिका नसते, असा नियम आहे." मी विचारले, "साहेब, नियमाचा क्रमांक सांगता का?" त्यावर ते म्हणाले, "आजवर कोणी मागितली नाही." ही दोन वाक्ये एकच नाहीत. ‘नियम नाही’ आणि ‘कोणी मागितले नाही’ यांतला फरक ओळखणे हीच अर्धी लढाई आहे.

राज्यातली सार्वजनिक विद्यापीठे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली चालतात. त्या कायद्याखाली परिनियम, आदेश आणि विनियम असतात आणि परीक्षेचे माध्यम तिथे किंवा त्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीत लिहिलेले असते. अभ्यासक्रमाची पुस्तिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळते. तिच्या सुरुवातीच्या पानांवर पात्रता, कालावधी, श्रेयांक यांच्याबरोबर माध्यमाची ओळ शोधा. शिकवण्याचे माध्यम आणि परीक्षेचे माध्यम असे दोन शब्द वेगळे आले आहेत का, ते नीट पाहा. बऱ्याचदा शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असते आणि उत्तर इंग्रजी किंवा मराठीत लिहिण्याची मुभा असते. आपली मुले पहिली ओळ वाचून परत फिरतात.

पुस्तिकेत स्पष्टपणे ‘फक्त इंग्रजी’ असे लिहिले असेल तर अर्ज करून लगेच काही होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. हव्या त्या भाषेत परीक्षा देणे हा संविधानातला मूलभूत हक्क आहे, असे आपले काही साथी भाषणात सांगतात. तसे कलम नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात गुजरात विद्यापीठ विरुद्ध मुधोळकर हा गाजलेला खटला झाला. त्यात गंमत अशी की अहमदाबादचा एक मराठीभाषक विद्यार्थी इंग्रजी माध्यम मागत होता आणि विद्यापीठ गुजरातीचा आग्रह धरत होते. निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने गेला, पण त्यात मुख्य प्रश्न होता तो एकच भाषा सक्तीची करण्याचा अधिकार विद्यापीठाला त्याच्या कायद्याने दिला आहे की नाही, हा. म्हणून आपणही भावनेऐवजी नियमावर बोट ठेवून बोलायचे. जिथे नियमच आड येतो तिथे तो बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी अभ्यासमंडळ, विद्यापरिषद आणि पदवीधर मतदारसंघातून निवडून गेलेले अधिसभा सदस्य यांना गाठावे लागते. ते लांबचे काम आहे. या लेखात मी जवळच्या कामाबद्दल बोलतो आहे.

आमच्या मुलीच्या नियमावलीत परीक्षार्थी इंग्रजी किंवा मराठीत उत्तरे लिहू शकेल, असे होते. प्रश्नपत्रिकेच्या भाषेबद्दल पुस्तिका गप्प होती. मग आम्ही परीक्षा अर्ज तपासला. ऑनलाइन अर्जात माध्यमाचा रकाना असतो. महाविद्यालयाच्या संगणक कक्षातल्या मुलाने सगळ्यांचे अर्ज एकदम भरताना तिथे ‘इंग्रजी’ तसेच ठेवले होते. म्हणजे विद्यापीठाच्या नोंदीत ही मुलगी इंग्रजी माध्यमाची होती. मराठी माध्यमाचे विद्यार्थीच नाहीत असे विद्यापीठ म्हणते, ते अशा रकान्यांवरून. महाविद्यालय अर्ज पुढे पाठवण्याआधी हा रकाना दुरुस्त करता येतो, नंतर फार त्रास होतो. म्हणून अर्जाची छापील प्रत घेतल्याशिवाय आणि त्यावर ‘मराठी’ दिसल्याशिवाय सही करू नका. हॉल तिकीट आले की पुन्हा पाहा.

त्यानंतर प्रश्नपत्रिकेचा अर्ज. हा अर्ज कधी द्यायचा यावर सगळे अवलंबून आहे. प्रश्नपत्रिका परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तयार होत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांच्या नेमणुका आधीच होतात, त्या लिफाफाबंद होतात. हॉल तिकीट हातात आल्यावर अर्ज दिला तर अधिकारी खरेच काही करू शकत नाही. सत्र सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यात अर्ज गेला पाहिजे. आमचा अर्ज फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेला, परीक्षा मेच्या अखेरीस होती.

अर्ज संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांच्या नावे, प्राचार्यांमार्फत. एक आगाऊ प्रत थेट विद्यापीठाच्या आवक विभागात, एक प्रत विषयाच्या अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांना. आम्ही लिहिलेला मजकूर जवळजवळ असा होता :

"मी आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात एम.ए. समाजशास्त्र, द्वितीय सत्रात शिकत आहे. अभ्यासक्रमाच्या नियमावलीनुसार मला मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे व मी परीक्षा अर्जात मराठी माध्यम नोंदवले आहे. प्रथम सत्राची प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजीत होती. विनंती की, पुढील चारही पेपरांच्या व प्रथम सत्राच्या एका अनुशेष पेपरच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत मराठीतही छापाव्यात व मराठी प्रश्नात पारिभाषिक संज्ञेशेजारी मूळ इंग्रजी संज्ञा द्यावी. हे शक्य नसल्यास त्याचे कारण व संबंधित नियम लेखी कळवावा."

खाली पेपरांची नावे आणि संकेतांक. सोबत नियमावलीच्या त्या पानाची प्रत, परीक्षा अर्जाची प्रत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पत्राचा उल्लेख. आयोगाच्या अध्यक्षांनी एप्रिल २०२३ मध्ये देशभरच्या विद्यापीठांना पत्र लिहून अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्यावी, असे सुचवले आहे. ते पत्र म्हणजे विनंती आहे, सक्ती नाही. ‘यूजीसीचा आदेश आहे’ असे लिहू नका. तिथला हुशार अधिकारी तेवढ्यावरच तुमचा अर्ज खोटा पाडतो.

मजकुरातल्या दोन गोष्टी मुद्दाम घातल्या आहेत. संज्ञेशेजारी इंग्रजी शब्द मागितला, कारण भाषांतर नेहमी नीट असतेच असे नाही. एक प्राध्यापक ‘सामाजिक गतिशीलता’ म्हणतात, दुसरे ‘सामाजिक चलनशीलता’, आणि विद्यार्थ्याने पुस्तकात तिसराच शब्द वाचलेला असतो. भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत, पण भाषांतर करणाऱ्याने ते उघडले असतील याची खात्री कोण देणार? त्यात अनेक प्रश्नपत्रिकांवर ‘संदर्भासाठी मूळ इंग्रजी प्रश्नपत्रिका पाहावी’ अशी सूचनाही छापलेली असते. म्हणजे भाषांतर चुकले तर ओझे पुन्हा विद्यार्थ्यावरच. दुसरी गोष्ट, शेवटचे वाक्य. नकार द्यायचा तर लेखी द्या, नियमासकट द्या. तोंडी नकाराविरुद्ध अपील होत नाही.

आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. कोणी म्हणाले की अर्ज इंग्रजीत आणा, तर संविधानाचे अनुच्छेद ३५० सांगा. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघातल्या किंवा राज्यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क तिथे दिलेला आहे. आम्हाला ते सांगायची वेळ आली नाही. पण शिक्क्यासाठी मात्र दोन चकरा झाल्या.

तीन आठवडे उत्तर आले नाही. मग माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावायचे, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. आम्ही ‘मराठी प्रश्नपत्रिका का देत नाही?’ असे विचारले नाही. ‘का’ विचारले की जन माहिती अधिकारी ‘हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ म्हणून मोकळा होतो. आम्ही कागद मागितले : एम.ए. समाजशास्त्राच्या परीक्षेच्या माध्यमाबाबतच्या नियमाची प्रत, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना भाषेबाबत दिलेल्या सूचनांची प्रत, मागच्या परीक्षेत मराठी व इंग्रजी माध्यम नोंदवलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, आणि आमच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी.

अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आले. त्यातल्या दुसऱ्या कागदावर उत्तर होते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांना जाणाऱ्या छापील सूचनापत्रातच एक ओळ होती की, ज्या विषयात मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे, त्या विषयात मराठी रूपांतर सोबत जोडावे. नियम होता. पाळला जात नव्हता. इंग्रजीत आलेला कागद जसाच्या तसा छापखान्यात जात होता, कारण कोणी तक्रार करत नव्हते, आणि ज्यांना तक्रार करायची त्यांना वाटत होते की आपलेच इंग्रजी कच्चे, दोष आपला.

इथे आपल्यातल्याच एका आक्षेपाबद्दल बोलायला हवे, कारण तो मला एका बैठकीत चांगल्या कार्यकर्त्याने विचारला. "बाबासाहेबांनी इंग्रजीचा आग्रह धरला, तुम्ही पोरांना मराठीत बांधून ठेवता? त्यांची पोरं कॉन्व्हेंटमध्ये आणि आपली मराठीत?" आक्षेप वरवरचा नाही. बाबासाहेबांनी १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात प्रादेशिक भाषा राज्याची राजभाषा होऊ नये, असेच मत मांडले होते. आणि मराठीचा गजर करणाऱ्यांतल्या कितीजणांना आपल्या मुलांच्या शिक्षणाशी काही देणेघेणे आहे, हेही आपण जाणतो. अभिजात दर्जाचे पेढे २०२४ च्या ऑक्टोबरात वाटून झाले, प्रश्नपत्रिका तिथेच आहे.

तरीही माझे उत्तर असे. इंग्रजी शिकवायची जबाबदारी शाळेने बारा वर्षे आणि महाविद्यालयाने तीन वर्षे टाळली. त्याची शिक्षा एम.ए.च्या परीक्षेत त्या मुलीला का? तो पेपर समाजशास्त्राचा होता, इंग्रजीचा नव्हता. तिला इंग्रजी यायला हवे, आणि त्यासाठी आमच्या विहारात रविवारी वर्ग चालतो, ती येते. पण इंग्रजी येईपर्यंत तिचे सत्र, तिची शिष्यवृत्ती आणि तिचे वय थांबत नाही. म्हणून आम्ही मागितली ती दोन्ही भाषांतली प्रश्नपत्रिका, इंग्रजी काढून टाका असे म्हटले नाही. शेजारी शेजारी छापलेले दोन प्रश्न वाचून इंग्रजीही थोडे येतेच.

माहिती हातात आल्यावर आम्ही विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे गेलो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ही समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्यात अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली किमान एक व्यक्ती असावी लागते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. इथे एक खड्डा आहे. लोकपाल फेरमूल्यांकनाचे, गुण वाढवण्याचे अर्ज साधारणपणे ऐकत नाही. निकालावर परिणाम करणारी ठळक अनियमितता किंवा भेदभाव दाखवला तरच ऐकतो. म्हणून ‘माझे चार गुण चुकीचे आहेत’ असे आम्ही लिहिले नाही. ‘विद्यापीठाच्या स्वतःच्या सूचनापत्राप्रमाणे मराठी रूपांतर द्यायला हवे होते, ते दिले नाही, पुढच्या परीक्षेत द्या’ एवढेच लिहिले आणि सूचनापत्राची प्रत जोडली. महाविद्यालयाच्या समितीने आधी "परीक्षा आमच्याकडे नाही" असे म्हटले. तेही लेखी घेतले आणि विद्यापीठाच्या समितीकडे गेलो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा विभागातून फोन आला. लेखी नाही, फोन. "बघतो म्हणावं, भाषांतराला माणूस मिळायला पाहिजे."

परीक्षेच्या दिवशी काय करायचे ते आम्ही आधीच ठरवले होते. मराठी प्रश्न नसेल तर वर्गातल्या पर्यवेक्षकाशी वाद घालायचा नाही, ते त्यांच्या हातात नसते. हात वर करून वरिष्ठ पर्यवेक्षकाला बोलवायचे, प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असल्याचे सांगायचे आणि पेपर लिहायला घ्यायचा. वर्ग सोडायचा नाही. सोडला तर गैरहजेरी लागते आणि तक्रारच मरते. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर माध्यमाच्या जागी मराठी लिहायचे आणि सगळा पेपर मराठीतच लिहायचा, पारिभाषिक शब्द तेवढा कंसात इंग्रजीत. पेपर संपल्यावर त्याच दिवशी केंद्रप्रमुखांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यायची.

पाचपैकी चार पेपरांत मराठी प्रश्न आले. अनुशेषाच्या पेपरातही. एका पेपरात तर मराठी छपाईत अर्धी ओळ गाळली होती, पण शेजारी इंग्रजी असल्यामुळे निभावले. पाचवा, ऐच्छिक विषयाचा पेपर इंग्रजीतच आला. तिने ठरल्याप्रमाणे हात वर केला, पेपर लिहिला आणि साडेपाच वाजता केंद्रप्रमुखांच्या सहीची पोच मला फोनवर पाठवली.

अनुशेषाचा पेपर निघाला. ऐच्छिक पेपरची तक्रार लोकपालाकडे आहे, तारीख अजून लागलेली नाही. दरम्यान तिच्या वर्गातल्या अकराजणांनी तिसऱ्या सत्रासाठी हाच अर्ज स्वतंत्रपणे दिला आहे. एका अर्जावर अकरा सह्या नको असे मीच सांगितले होते. अकरा अर्ज म्हणजे अकरा आवक क्रमांक, आणि पुढच्या माहितीच्या अर्जात ते मोजता येतात. तुमच्या महाविद्यालयात नियमावलीचे ते पान सापडले नाही, तर अभ्यासक्रमाचे नाव आणि वर्ष कळवा, आपण मिळून शोधू.